गाडी बाबांच्याच नावावर राहू द्या

पुण्यात नोकरी लागली ना भाऊ? मग गाडी रेल्वेच्या पार्सलात टाका आणि बिनधास्त निघा. दारव्ह्याच्या बाजारात जशी मिळेल त्या जागी स्टँडवर लावायची, तशीच तिकडेही लावायची. एमएच-२९ पाहून पोलिसांना आपल्या साधेपणाची कल्पना येतेच.

ऑफिसातला कोणी शहाणा पहिल्याच आठवड्यात सांगेल, "नंबर बदलून एमएच-१२ करून घे, नाहीतर पकडतील." त्याचं जरूर ऐका आणि एजंटला पैसे मोजा. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात नंबर बदलावा लागत नाही, कायद्याने फक्त राहण्याचा पत्ता बदलल्याचं तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, ही माहिती फुकटची आहे आणि फुकटच्या गोष्टीला किंमत नसते. नवा नंबर लागतो तो परराज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर. म्हणजे पांढरकवड्याहून हैदराबादला गेलेल्या पोरांनी फॉर्म २८ भरून इथल्या आरटीओची एनओसी काढावी आणि तिकडचा टॅक्स भरावा. तुम्ही पुण्याला चालला आहात, पण चिंता करायला काय जातं?

पत्ता बदलणं मात्र टाळाच. फॉर्म ३३, भाडेकरार, विमा, पीयूसी, एवढी जमवाजमव कोण करतो? आणि मुळात गाडी बाबांच्या नावावर आहे. त्यांचा पत्ता तर गावातलाच. मग तुम्हाला काय करायचं!

आता पार्किंग. तिथल्या अरुंद रस्त्यांवर पी-१ आणि पी-२ अशा पाट्या दिसतील. पी-१ म्हणजे विषम तारखेला त्या बाजूला गाडी लावायची, पी-२ म्हणजे सम तारखेला. यावर सोपा उपाय म्हणजे पाटीकडे न पाहता एक दिवस इकडे, एक दिवस तिकडे. महिनाभर निभावेल. मग येईल ३१ तारीख आणि तिच्यामागून १. दोन्ही विषम, म्हणजे सलग दोन दिवस एकच बाजू. तुम्ही सवयीने बाजू बदललेली असेल. रात्री झोपण्याआधी लावलेली गाडी बारा वाजता तारीख बदलली की आपोआप गुन्हेगार होते, हेही मनावर घेऊ नका. सकाळी टेम्पो येतो तेव्हा तुम्ही झोपेतच असता.

गाडी उचलली गेली तर आधी चोरीची तक्रार द्यायला धावा. जागेवर किंवा शेजारच्या टपरीवर विचारलं तर ती कुठल्या चौकीला नेली ते कळतं, पण त्यात मजा नाही. नो पार्किंगचा दंड पहिल्यांदा ५०० रुपये, पुन्हा सापडलात तर १,५००, आणि उचलून नेण्याचा खर्च वेगळा. तिथे आरसी मागतील. आरसी गावच्या कपाटात, कापसाच्या पट्टीच्या पावत्यांखाली. मग तुम्ही मोठ्या ऐटीत डिजिलॉकर उघडाल, आणि त्यात काही उतरणार नाही, कारण आरसीवरचं नाव आधारवरच्या नावाशी जुळावं लागतं आणि तुम्ही बाबा नाही. बाबांच्या मोबाइलवर त्यांचं डिजिलॉकर आधीच उघडून ठेवलं असतं तर... पण जाऊ द्या.

खरी गंमत पुढेच आहे. ई-चलानचा संदेश गाडीशी जोडलेल्या मोबाइल नंबरवर जातो. तो बाबांचा. त्यात दिवस, वेळ आणि ठिकाण असतं, लिंक उघडली तर फोटोसुद्धा. म्हणजे तुम्ही "रूमवर अभ्यास करतोय" म्हणालात त्या संध्याकाळी गाडी कुठल्या हॉटेलसमोर उभी होती, हे गावातल्या पारावर बसून सगळ्यांना वाचता येतं. मग फोन येतो, "काहून रे, तिथं काय काम होतं तुझं?" एवढी नियमित खुशाली दुसरी कुठली योजना देत नाही.

आणि बाबांनी तो नंबर रिचार्जच केला नसेल तर अजून छान. दंड शांतपणे साचत राहतो. पुढे कधी गाडी नावावर करायला गेलात की थकलेली चलानं आडवी येतात, तेव्हा सगळी एकदम भरा.

नावावर करायचीच असेल तर सरळ मार्ग आहे, म्हणून तो शेवटी सांगतो. फॉर्म २९ वर बाबांची सही, फॉर्म ३० वर दोघांची, चालू विमा, पीयूसी आणि तुमचा पत्त्याचा पुरावा. कर्ज फिटलं नसेल तर फायनान्सवाल्याची संमती. नावासोबत विमाही चौदा दिवसांत बदलून घ्यावा लागतो, नाहीतर गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. सही मागायला मात्र सोयाबीनच्या सवंगणीतच या. बाबा शेतात असतील, पेन घरी असेल आणि तुमची परतीची गाडी संध्याकाळची.