सुरवंट गेला, खाज मात्र घरात राहिली

गेल्या आठवड्यात माझ्या सहा वर्षांच्या मुलाच्या मानेवर खिडकीच्या चौकटीवरून सुरवंट पडला. तो खिडकीखाली बसून चित्र रंगवत होता. मानेवर काहीतरी वळवळलं म्हणून त्याने हाताने दाबलं आणि ओरडला. मी धावत गेले, हातानेच ती अळी झटकली, खांद्यावरच्या टॉवेलने मान खसाखसा पुसली आणि अळी चपलेखाली चिरडली. हे सगळं दहा सेकंदांत झालं. त्यातली एकही गोष्ट करायला नको होती हे मला नंतर कळलं. पुढच्या पाच दिवसांत घरातल्या तिघांच्या अंगावर पुरळ उठलं ते अळीमुळे कमी आणि माझ्या त्या दहा सेकंदांमुळे जास्त. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सुरवंट चावत नाही. त्रास होतो तो त्याच्या केसांचा. ज्या जाती खाज उठवतात, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या अंगावर दोन तऱ्हेचे केस असतात. लांब केस आपल्याला दिसतात. त्यांच्या बुडाशी मात्र अगदी आखूड केसांचे झुपके असतात, काही जातींत जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे. ते सुटे होण्यासाठीच असतात. धक्का लागला, दाब पडला की हजारोंनी निखळतात. त्यांना उलटे काटे असतात, कुसळासारखे, त्यामुळे ते कातडीत एकाच दिशेने, म्हणजे आत सरकतात. शिवाय त्यांच्यावरची प्रथिनं शरीराला खवळवतात. टोचल्याचा त्रास आणि ॲलर्जीसारखा दाह, दोन्ही एकदम. काही वेगळ्या जातींत केस पोकळ काट्यासारखा असतो आणि बुडाशी विषाची ग्रंथी असते. तो टोचला की खाजेपेक्षा आग आणि ठणका जास्त असतो, विंचवाची नांगी लागल्यासारखा.

हे कळल्यावर माझ्या तिन्ही चुका आपोआप उलगडल्या. हाताने झटकल्याने केस तुटून आत गेले. टॉवेलने पुसल्याने ते मानेवरून खांद्यावर आणि पाठीवर पसरले, उरलेले टॉवेलमध्ये अडकले. आणि चपलेखाली चिरडलेल्या अळीचे केस फरशीवर मोकळे झाले.

पाचेक मिनिटांत मुलाच्या मानेवर लाल ठिपके आले, पंधरा मिनिटांत गांधी उठल्या. नशीब असं की समोर राहणाऱ्या काकू परिचारिका आहेत. त्या आल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या, "त्याला हात लावू देऊ नकोस, आणि तूही चोळू नकोस. सेलोटेप आहे का घरात?"

मग त्यांनी जे केलं ते मी जसंच्या तसं सांगते. आधी शर्ट काढला, पण डोक्यावरून ओढून नाही, नाहीतर तेच केस तोंडावर आणि डोळ्यांवरून फिरले असते. बटणं उघडून मागे सरकवत काढला आणि थेट पिशवीत टाकून तोंड बांधलं. कातडी कोरडीच ठेवली. चिकटपट्टीचा बोटभर तुकडा पुरळावर हलकेच दाबून सरळ वर उचलला. घासला नाही, ओढत नेला नाही. एक तुकडा एकदाच वापरायचा, दुसऱ्या वेळी नवा. असे दहा-बारा तुकडे झाले. पहिला तुकडा त्यांनी मोबाईलच्या बॅटरीसमोर धरून मला दाखवला. त्यावर पिंगट, बारीक रेघा उभ्या-आडव्या चिकटल्या होत्या, पेन्सिलला टोक काढल्यावर कागदावर पडते तशी भुकटी. आणि हे फक्त दिसणारे. पाचव्या-सहाव्या तुकड्यानंतर रेघा दिसेनाशा झाल्या, तरी त्यांनी आणखी तितकेच तुकडे लावले.

त्यानंतर वाहत्या पाण्याखाली साबणाचा फेस लावून धुतलं. बादलीत बसवून नाही, कारण साचलेल्या पाण्यात केस पुन्हा अंगाला लागतात. धुतल्यावर टॉवेल नाही, कागदी रुमालाने टिपून घेतलं आणि तो टाकून दिला. मग पातळ फडक्यात गुंडाळलेला बर्फ, दहा मिनिटं ठेवून दहा मिनिटं काढून. चिकटपट्टी आधी आणि पाणी नंतर हा क्रम महत्त्वाचा आहे, ओल्या कातडीला पट्टी धरत नाही. तेल किंवा मलम आधी लावलं तरी हेच होतं, शिवाय केस तेलात लडबडून पसरतात. अंगाला काहीबाही घासून केस काढायला सांगणारे पुष्कळ भेटतात. कृपा करून ऐकू नका. जो केस कातडीवर आडवा पडला आहे, तो घासल्याने आत जातो.

औषधाबद्दल थोडक्यात सांगते. आमच्या डॉक्टरांनी खाजेसाठी ॲलर्जीचं पातळ औषध वजनाप्रमाणे दिलं आणि सौम्य स्टिरॉइड मलम पुरळावर लावायला सांगितलं, डोळ्यांजवळ मुळीच नाही. आधीच बजावलं की औषधाने खाज एकदम थांबणार नाही, कारण केस आत असेपर्यंत दाह चालू राहतो. तसंच झालं. दोन रात्री झोप नव्हती, चौथ्या दिवशी उतार पडला. काहींना आठवडा, दोन आठवडेही लागतात. नखं मात्र त्याच दिवशी कापा. खाजवून फुटलेल्या जागी पू धरला, लाली गरम लागून पसरायला लागली किंवा ताप आला, तर ती केसांची खाज राहिलेली नाही, जंतुसंसर्ग आहे. श्वास घेताना घरघर, ओठ-जीभ सुजणं, चक्कर, उलट्या, यातलं काही दिसलं तर चिकटपट्टी वगैरे सोडा आणि सरळ तातडीच्या विभागात जा.

डोळ्याचं वेगळं लिहिते, कारण लोक तिथे सगळ्यात जास्त चुकतात. केस डोळ्यात गेला की डोळा चुरचुरतो, पाणी येतं आणि हात आपोआप डोळा चोळायला जातो. चोळायचं नाही. स्वच्छ पाण्याची धार दहा-पंधरा मिनिटं सोडायची, काँटॅक्ट लेन्स असेल तर काढायची आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं तरी जायचं. कारण तेच, उलटे काटे. पापणी दर मिटण्याला केस थोडा आत ढकलते. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात तो रुतू शकतो, काही वेळा त्याच्याही पलीकडे शिरतो आणि त्याभोवती गाठी धरतात. स्लिट लॅम्प नावाच्या यंत्राखाली डॉक्टरांना तो दिसतो, वरच्या पापणीच्या आतल्या बाजूलाही बघावं लागतं. घरी कापसाने किंवा रुमालाच्या टोकाने काढायला जाऊ नका.

आता त्या बाकीच्या दोघांबद्दल. मुलाचं पुरळ उतरत आलं असताना माझ्या सासूबाईंच्या दोन्ही हातांवर, कोपराच्या आतल्या बाजूला, बारीक लाल पुरळ आलं. त्यांच्या अंगावर काहीच पडलं नव्हतं. "मी तर खिडकीकडे फिरकलेही नाही गं," त्या म्हणत राहिल्या. दुसऱ्या दिवशी माझ्या मानेवर आणि कमरेच्या नाडीखाली तेच. घरात ढेकूण झाले की काय असं वाटून मी गाद्या उपसल्या. शेवटी काकूंनीच विचारलं, "आईंनी काल काय काय उचललं?" तेव्हा लक्षात आलं. वाळलेल्या कपड्यांचा ढीग त्यांनी दोन्ही हातांवर घेऊन आत आणला होता, आणि पुरळ नेमकं ढीग टेकला होता तिथेच होतं. कपड्यांची दोरी झाडाखाली आहे. आणि त्याच ढिगात तो टॉवेल होता, जो मी इतर कपड्यांबरोबर धुतला होता.

म्हणजे पुरळ कुठे आहे ते नीट बघा, कुठून आलं ते तेच सांगतं. कॉलरच्या रेषेवर किंवा इलॅस्टिकखाली असेल तर कपडे. गालावर आणि एकाच कुशीवर असेल तर उशी-चादर. उघड्या हातापायांवर विखुरलेलं असेल तर झाडाखालची हवा. हे केस निर्जीव असतात, म्हणून ते मरत नाहीत. अळी मेली, सुकली, कात टाकून गेली, तरी तिच्या केसांनी खाज सुटते. काही जातींच्या जुन्या घरट्यांतले केस वर्षभरानंतरही त्रास देतात.

मग आम्ही सगळं पुन्हा केलं. ते कपडे आतल्या आत न झटकता वेगळे, कापड सोसेल तितक्या गरम पाण्यात, दोनदा खळबळून धुतले आणि झाडापासून दूर वाळत घातले. फरशीला झाडू लावला नाही, कारण झाडूने केस हवेत उडतात. साधा व्हॅक्यूमही तेच करतो, केस मागून बाहेर फेकतो. ओल्या फडक्याने एकाच दिशेने पुसलं आणि फडकी पिशवीत बांधून टाकली. हातात लांब रबरी मोजे, पूर्ण बाह्या, तोंडाला मास्क, डोळ्याला चष्मा. कापडी मोज्यांतून केस आरपार जातात.

जिवंत सुरवंट दिसला तर आता आम्ही लांब चिमट्याने अलगद उचलतो आणि झाकणाच्या डब्यात साबणाच्या पाण्यात टाकतो. अर्धा डबा पाणी, दोन चमचे भांड्यांचा द्रवसाबण. नुसत्या पाण्यावर तो तरंगत राहतो, साबणाने पाणी केसांत शिरतं आणि तो बुडतो. दुसऱ्या दिवशी डबा खड्ड्यात ओतून वर माती. चिमटा नसेल तर कागदावर चढू द्या. अंगावर असेल तेव्हाही असंच, वर उचलायचा, झटकायचा नाही.

जाळण्याला माझा ठाम विरोध आहे. गरम हवेबरोबर केस वर जातात आणि जाळणाऱ्याच्याच डोळ्यांत, नाकात उतरतात, घराला आग लागायची भीती वेगळीच. झाडावर सरसकट फवारणी केली की शेकडो अळ्या एकदम खाली पडतात, घराकडे, अंगणात, आणि मेल्या तरी केस तिथेच. जैविक औषधं अळ्या लहान असताना चालतात, मोठ्या झाल्यावर फारसा उपयोग नसतो. आणि प्रत्येक केसाळ अळी खाज उठवतेच असं नाही, बऱ्याचशा निरुपद्रवी असतात. पण नुसतं बघून ओळखणं आपल्याला जमत नाही, म्हणून हात कुणालाच लावायचा नाही. बाकी झाडावर लांब बसलेल्यांना राहू द्या.

घरात त्या येतात त्या बहुतेक पोट भरल्यावर. पूर्ण वाढलेली अळी खाणं सोडून कोष करायला कोरडी, आडोशाची फट शोधत फिरते. छपराला टेकलेल्या फांद्या हा तिचा पूल. आम्ही त्या माणूसभर अंतर राहील इतक्या छाटून घेतल्या, पण अळ्या दिसेनाशा झाल्यावर. खिडकीला बारीक जाळी बसवली.

काल जाळी बसवताना चौकटीच्या वरच्या खाचेत बोटाएवढा पिंगट कोष सापडला. हाताने ओढणार इतक्यात थांबले. अळी कोष विणते तेव्हा अंगावरचे केस रेशमात गुंफते. त्यावर साबणाचं पाणी फवारलं, भिजू दिला, मग जुन्या सुरीने सोलून डब्यात टाकला आणि खाच ओल्या कागदाने तीनदा पुसली. शेजारच्या खिडकीत तसेच आणखी दोन होते.