दुसऱ्या ऑर्डरचा हिशेब: एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया:

«लेख वाचला. कमिशन वाचवायचं म्हणून स्वतःची साइट काढा, हा सल्ला नव्या विक्रेत्यांना खड्ड्यात घालणारा आहे. साइटवर एक माणूस आणायला जाहिरातीवर कमिशनच्या दुप्पट पैसे जातात, हे तुम्ही सोयीस्करपणे गाळलंत. आणि ‘ग्राहकांची माहिती आपल्या हातात’ हे ऐकायला छान वाटतं, पण तिचं नेमकं करायचं काय? निम्मे लोक ती कधी उघडूनही बघत नाहीत. मार्केटप्लेसवर निदान माल तरी खपतो.»

उत्तर:

जाहिरातीबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, आणि मी तिथूनच सुरुवात करतो. तुमचा आकडा मान्य करूनच हिशेब मांडू, म्हणजे आपला वाद नेमका कुठे आहे ते दिसेल.

समजा, वस्तू चेहऱ्याला लावायचं क्रीम आहे आणि डबी साधारण दोन महिन्यांत संपते. विक्रीची किंमत १०० धरू. पुढचे सगळे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत. तुमचे वेगळे असतील, ते त्या जागी घाला.

ॲमेझॉनसारख्या मार्केटप्लेसवर माल आणि पॅकिंगचे ४० गेले, कमिशनचे १५, त्यांच्या गोदामातून पाठवण्याचे १५, तिथल्याच शोधात वर दिसण्यासाठी केलेल्या जाहिरातीचे १०, परत आलेल्या मालाचे सरासरी ५. हातात उरले १५. स्वतःच्या साइटवर मालाचे तेच ४०, ग्राहकाकडून ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या पेमेंट गेटवेचे ३, कुरियरचे १७ (एकट्या दुकानदाराला मोठ्या गोदामाचा दर मिळत नाही), परतीचे ५. उरले ३५. त्यातून नवा ग्राहक आणायचा जाहिरात खर्च वजा करायचा. तो तुमच्या म्हणण्याप्रमाणे कमिशनच्या दुपटीहून थोडा जास्तच, ३२ धरू. हातात राहिले ३.

म्हणजे पहिल्या ऑर्डरवर मार्केटप्लेस १५ देतं आणि साइट ३. इथे थांबलात तर तुमचं म्हणणं बिनतोड आहे. पण क्रीम संपल्यावर तोच माणूस परत आला, तर साइटवर त्याला आणायला पुन्हा जाहिरात करावी लागत नाही. डबी संपायच्या सुमारास पाठवलेला एक ईमेल पुरतो. त्या दुसऱ्या ऑर्डरवर पूर्ण ३५ उरतात. मार्केटप्लेसवर दुसऱ्या ऑर्डरलाही १५च, कारण कमिशन प्रत्येक वेळी कापलं जातं आणि शोधाच्या पानावर तुमच्या शेजारी दुसऱ्यांचे डबे असतात, त्यामुळे जुन्या ग्राहकासाठीही जाहिरातीचा खर्च बहुधा चालू राहतो.

एका ग्राहकाकडून सरासरी किती ऑर्डर आल्या की दोन्ही पारडी सारखी होतात? मार्केटप्लेसचे १५ गुणिले ऑर्डर, साइटचे ३५ गुणिले ऑर्डर वजा ३२. उत्तर १.६ येतं. शंभर नव्या ग्राहकांकडून एकूण १६० ऑर्डर आल्या की बरोबरी, त्यापुढे साइट पुढे.

इथे एक गोष्ट हटकून निसटते. साइटचा महिन्याचा ठरावीक खर्च असतो: दुकानाचं सॉफ्टवेअर, डोमेन, ईमेल पाठवण्याची सेवा. तो सहा डब्यांच्या किमतीइतका, म्हणजे ६०० धरा. महिन्याला १०० नवे ग्राहक असतील तर डोक्यामागे ६ वाढतात आणि बरोबरी १.९ वर जाते. महिन्याला फक्त ३० असतील तर डोक्यामागे २० वाढतात आणि बरोबरीला २.६ ऑर्डर लागतात. छोट्या विक्रेत्याची साइट तोट्यात जाते तेव्हा दोष नेहमी कमिशनला किंवा जाहिरातीला दिला जातो. खरं कारण बऱ्याचदा हे असतं की ठरावीक खर्च वाटून घ्यायला पुरेसे ग्राहकच नसतात. त्यामुळे महिन्याला पाच-पंचवीस ऑर्डर असलेल्याने साइट काढायची घाई करू नये, यात माझं तुमच्याशी भांडण नाही. आणि वस्तू गादीसारखी दहा वर्षांतून एकदा घेण्याची असेल, तर दुसऱ्या ऑर्डरचा हा सगळा आधारच जातो.

कमिशनच्या आकड्याबद्दलही एक सांगायला हवं. जाहीर केलेला टक्का हा पूर्ण खर्च नसतो. हाताने बनवलेल्या वस्तूंसाठी ओळखल्या जाणाऱ्या एट्सी या मार्केटप्लेसचं व्यवहार शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ५ वरून ६.५ टक्के झालं, आणि ते पाठवणावळीसकट एकूण रकमेवर लागतं. शिवाय एट्सी बाहेरच्या साइटांवर स्वतः जाहिरात करतं, आणि तिच्यावर क्लिक करून ३० दिवसांत कुणी तुमच्याकडून काही घेतलं तर त्या विक्रीचे आणखी १५ टक्के घेतं. वर्षाला १०,००० डॉलरच्या वर विक्री गेली की दर १२ टक्के होतो, पण मग त्यातून बाहेर पडायची सोय राहत नाही. ॲमेझॉनवर अमेरिकेत बहुतेक प्रकारांना ८ ते १५ टक्के कमिशन आहे. ग्राहकाने पैसे परत घेतले तर कमिशन परत मिळतं, पण त्यातला एक भाग प्रशासकीय शुल्क म्हणून ते ठेवून घेतात. माझा सल्ला असा की कमिशनचं पान बंद करा आणि तीन महिन्यांची जमा-वजावटीची विवरणं उघडा. एकूण विक्रीतून खात्यात प्रत्यक्ष आलेली रक्कम वजा करा, उरलेल्याला विक्रीने भागा. तो टक्का खरा.

आता माहितीबद्दल. तुमच्या प्रतिक्रियेतला सगळ्यात चांगला प्रश्न हाच आहे.

वरच्या हिशेबात ‘सरासरी किती ऑर्डर’ हा आकडा आला. तो तुम्हाला कुठून मिळणार? मार्केटप्लेस बहुधा ग्राहकाचा खरा ईमेल देत नाही. ॲमेझॉन त्याऐवजी स्वतःचा एक आडपडद्याचा पत्ता देतं, आणि त्यावर फक्त त्या ऑर्डरपुरतं बोलायची परवानगी असते. डब्यात ‘पुढच्या वेळी आमच्या साइटवरून घ्या’ अशी चिठ्ठी टाकली तर नियमभंग होतो आणि खातं अडकू शकतं. ब्रँडची नोंदणी केलेल्या विक्रेत्यांना पुन्हा खरेदीचा अहवाल मिळतो, हे मान्य. पण त्यात संख्या असते, माणसं नसतात. किती जण परतले ते कळतं. जे परतले नाहीत त्यांना विचारता येत नाही.

स्वतःच्या साइटवर करायचं काम अगदी थोडं आहे. ऑर्डरींची फाइल उतरवा. ईमेल, तारीख आणि रक्कम एवढे तीनच स्तंभ ठेवा. प्रत्येक ईमेलची पहिली तारीख शोधा आणि त्या महिन्यानुसार गट पाडा: जानेवारीत पहिल्यांदा आलेले, फेब्रुवारीत आलेले. मग प्रत्येक गटातल्या किती जणांनी पुढच्या चार महिन्यांत पुन्हा घेतलं ते मोजा. चार महिने का, तर डबी दोन महिने पुरते आणि उशीर करणाऱ्यांनाही वेळ द्यायचा असतो. गेल्या महिन्याच्या गटाकडे बघून ‘कुणी परतत नाही’ असं ठरवणं ही हमखास होणारी फसगत आहे, कारण त्यांची पहिली डबी अजून संपलेली नसते.

या तक्त्यात बहुधा दोन गोष्टी दिसतात. मोठ्या सवलतीच्या महिन्यात आलेला गट इतरांपेक्षा कमी परततो, म्हणजे त्या सवलतीचा खर्च जाहिरातीच्या खर्चात मिळवायला हवा होता. आणि पहिल्या ऑर्डरीत कुणी काय घेतलं यावर त्याचं परतणं अवलंबून असतं. छोटी डबी घेणारे जास्त परतत असतील, तर जाहिरात छोट्या डबीची करायची. निम्मे लोक हे करत नाहीत, हे तुम्ही बरोबर सांगितलंत. अशांनी साइटवर पैसे घालू नयेत, कारण ज्यासाठी ते जास्तीचे पैसे मोजतात ती वस्तू ते वापरतच नाहीत.

जाहिरातीचे ३२ सुद्धा तपासून घ्या. एप्रिल २०२१ मध्ये ॲपलने आयफोनच्या आयओएस या प्रणालीच्या १४.५ आवृत्तीत मागोवा घेण्यासाठी ॲपना परवानगी मागायला लावली, आणि तेव्हापासून कोणती विक्री कोणत्या जाहिरातीमुळे झाली याचं जाहिरात कंपन्यांचं गणित अंदाजावर जास्त चालतं. म्हणून त्यांच्या पटलावरचा आकडा न घेता महिन्याचा सगळा जाहिरात खर्च भागिले महिन्यात आलेले नवे ईमेल, इतकं साधं करा. त्यात आपोआप आलेलेही मिसळतात. पण महिन्यांची तुलना करायला ते पुरतं.

एक काळजी. खरेदीसाठी दिलेला ईमेल म्हणजे जाहिराती पाठवायची संमती नव्हे. युरोपात मे २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या खासगी माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यासारख्या कायद्यांत त्यासाठी अटी आहेत आणि चूक झाली तर दंडही आहे. कार्डाचे आकडे तर स्वतःकडे घेऊच नका, ते गेटवेच्या पानावरच राहू द्या. फसव्या कार्डावर झालेली विक्री मात्र तुमच्याच गळ्यात येते. बँकेकडे तक्रार करायला ग्राहकाला बहुधा १२० दिवस असतात, आणि तोवर माल गेलेला असतो. मार्केटप्लेस ही डोकेदुखी बरीचशी स्वतःवर घेतं. त्याच्या कमिशनात याचीही किंमत असते, आणि विरोधकांनी ती मोजायला हवी.

नियंत्रणाबद्दल थोडक्यात. मार्केटप्लेसवर साठलेले तारे आणि अभिप्राय बरोबर नेता येत नाहीत. खातं बंद झालं तर ते तिथेच राहतात. युरोपीय संघात जुलै २०२० पासून नियम आहे की विक्रेत्याची सेवा पूर्ण बंद करण्यापूर्वी कारणांसह ३० दिवसांची सूचना द्यायची. अपवाद आहेत, पण निदान कागदावर काही आहे. किमतीवरचं बंधन अधिक छुपं असतं. साइटवर तुम्ही तीच डबी स्वस्त ठेवली, तर ॲमेझॉन तुमच्या मालाच्या पानावरचं ठळक खरेदीचं बटण काढू शकतं. म्हणून साइटवर किंमत उतरवण्यापेक्षा वेगळा आकार किंवा तीन डब्यांचा संच ठेवा. मग दोन्हीकडच्या किमतींची थेट तुलनाच होत नाही.

स्वतःची साइटसुद्धा पूर्ण स्वतःची नसते. गेटवे पैसे अडकवू शकतो, शोधातली जागा घसरू शकते. सगळ्यात आधी डोमेन कुणाच्या नावावर आहे ते बघा. साइट बनवून देणाऱ्याने ते स्वतःच्या नावावर घेतलेलं असेल, तर साइट त्याची आहे.

तुमच्या वस्तूची पुन्हा खरेदी किती दिवसांनी होते आणि महिन्याला नवे ग्राहक किती, हे दोन आकडे प्रतिक्रियेत लिहाल का? वर मांडलेल्या रीतीने तुमची बरोबरी काढून देतो. ती तीन ऑर्डरींच्या वर आली, तर मीही तुम्हाला मार्केटप्लेसवरच राहा म्हणेन.