टकलावरचा थेंब

आज सकाळी पुन्हा पडला. नेमका टाळूच्या मध्यभागी, जिथे आता अडवायला काही उरलेलं नाही तिथे. डिसेंबरातलं पुणं, अंगाला साबण, नळ बंद, डोळे मिटलेले, आणि वरून टप्. गार. इथेच माझं डोकं फिरतं. पाच दिवसांपूर्वी भिंतीवर चढवलेला पंचवीस लिटरचा कोरा गीझर, आत पाणी हात भाजेल इतकं तापलेलं, आणि माझ्या डोक्यावर मात्र तो गार थेंब टाकतो.

जुना गीझर गेल्या आठवड्यात गळून गळून वारला. नवा आणला. "इन्स्टॉलेशन फ्री" होतं. फ्री म्हणजे बसवायला आलेला मुलगा फ्री. बोल्टचे पैसे वेगळे, कनेक्शन पाइपचे वेगळे, आणि ज्या एका पाइपची खरी गरज होती तो त्याच्या पिशवीतच नव्हता. पण त्या पाइपाकडे नंतर येतो, कारण आधी नाना आले.

नाना आमच्या डोक्यावर राहतात, म्हणजे वरच्या मजल्यावर. सरकारी नोकरीतून अभियंता म्हणून निवृत्त. रस्त्यांचे अभियंता, पण निवृत्तीनंतर माणूस सगळ्याचाच अभियंता होतो. इमारतीत कुठेही ड्रिल सुरू झालं की सातव्या मिनिटाला नाना त्या दारात उभे असतात. अंगात स्वेटर, कानाला मफलर, हातात स्वतःच्या घरून आणलेला चहा. दुसऱ्याकडचा चहा ते घेत नाहीत. "उगाच कुणाला त्रास नको," म्हणतात आणि पुढचे दोन तास देतात.

"काय, गीझर?" नाना म्हणाले.

समोर गीझर होता, त्याचा खोका होता, खोक्यावर गीझरचं चित्र होतं. मी हो म्हणालो.

मुलाने बिल्डरने ठेवलेल्या पॉइंटशेजारी, मुलीच्या खोलीकडच्या भिंतीत पहिलं भोक पाडायला घेतलं. ड्रिल लोण्यात सुरी जावी तसं आत गेलं. टाइल फोडताना काय तो आवाज झाला तेवढाच. खाली पांढरा भुगा पडला, रांगोळीसारखा. नाना खूश. "बघा, कसं सरळ गेलं! हात चांगला आहे पोराचा."

हात नव्हता चांगला, भिंत वाईट होती. ड्रिलमधून लाल भुगा आला तर वीट, राखाडी आला आणि यंत्र किंचाळलं तर काँक्रीट, आणि पांढरा भुगा आवाज न करता आला तर हलक्या ब्लॉकची भिंत. आमची तशीच, तीही चार इंची. ब्लॉकच्या पोटात बुडबुडेच बुडबुडे असतात, म्हणून तो हलका. आणि खोक्यातले बोल्ट असतात फुगणारे: नट आवळला की आतली नळी फाकते आणि भिंतीला घट्ट धरते. काँक्रीट तिला उलट दाबून धरतं. हा ब्लॉक मात्र तिच्या दाबाने आतल्या आत चुरडतो. मुलगा नट आवळत होता, नट फिरत होता, फिरतच होता. घट्ट व्हायचं नावच नाही. तिथेच काय ते ओळखायचं. मुलाने ओळखलं नाही, किंवा ओळखलं आणि गिळलं. "टाइल धरते ना सर," म्हणाला.

टाइल! रिकामा गीझर अकरा किलो, आतलं पाणी पंचवीस, झाले छत्तीस. माझा सातवीतला भाचा साधारण तेवढाच भरतो. त्याला रोज अंघोळीच्या वेळी एका टाइलच्या भरवशावर माझ्या डोक्यावर टांगून ठेवायचं, असा हा बेत.

मी कुरकुर केली तेव्हा नानांनी चहाचा कप फ्लशच्या टाकीवर ठेवला, मफलर सोडला आणि म्हणाले, "व्हा बाजूला. लोड टेस्ट घेऊ."

आणि लटकले. वय बहात्तर. दोन्ही हातांनी ब्रॅकेट धरून, गुडघे दुमडून, मोजे घातलेले पाय हवेत, आमच्या न्हाणीघरात. हिने स्वयंपाकघरातून विचारलं, "अहो, कसला आवाज?" काय सांगणार? मुलगा टेकू द्यायला हात पुढे करून उभा, पण नक्की कुठे धरावं ते त्याला कळेना. नाना लटकल्या लटकल्या मोजत होते, "सात, आठ, नऊ, दहा!" उतरले. "अठ्ठावन्न किलो! तुमचा गीझर किती? छत्तीस. विषय संपला."

विषय संपला नव्हता. नाना भिंतीला चिकटून लटकले होते. त्यांचं वजन सरळ खाली जात होतं आणि बोल्ट नुसते खाली दाबले जात होते. गीझर पोट पुढे काढून लटकतो. त्याच्या वजनाचा मध्य भिंतीपासून वीतभर पुढे असतो, म्हणून वरचे बोल्ट तो खाली दाबतोच, शिवाय रोज थोडेथोडे बाहेर ओढतो. भिंतीतल्या खुंटीवर भरलेली पिशवी अडकवली की खुंटी आधी वाकते, मग वरून सुटते, तसंच. हे मी नानांना सांगितलं. ते म्हणाले, "मी पोट पुढे काढून लटकतो."

तेवढ्यात मुलाने ब्रॅकेटला हाताने जरा पुढे हिसका दिला आणि वरचा बोल्ट, दात हलणाऱ्या पोराचा दात यावा तसा, सबंध हातात आला. सोबत चमचाभर पांढरी पूड. नाना पुढची सात मिनिटं काही बोलले नाहीत. हा आमच्या सोसायटीतला विक्रम आहे.

आता दोन वाटा होत्या. एक, भिंतीतून आरपार बोल्ट घालून पलीकडे लोखंडी पट्टी लावून आवळायचं, म्हणजे वजन भोकाच्या कडेवर न येता पट्टीभर पसरतं. ब्लॉकच्या भिंतीला हाच सरळ उपाय. पण पलीकडे मुलीचा पलंग, आणि उशाच्या वर चार नटांची पट्टी येणार हे ऐकून तिने "बाबा, प्लीज" म्हटलं ते मी इथे लिहिणार नाही त्या सुरात. दुसरी वाट म्हणजे कोपऱ्यापलीकडचा काँक्रीटचा कॉलम. तिथे ड्रिल किंचाळलं, भुगा राखाडी आला, एकदा सळई लागली म्हणून भोक दोन बोटं सरकवावं लागलं. पण बोल्ट असा बसला की नट चार फेऱ्यांत थांबला आणि पाना पुढे जाईना. मला बरं वाटलं. कॉलमवर शॉवर आहे, हे मला तेव्हा दिसत होतं. त्याचा अर्थ काय, ते दिसत नव्हतं.

गीझर शॉवरच्या फवाऱ्याबाहेर, दोन-अडीच फूट तरी बाजूला असावा, हे पुस्तिकेत लिहिलेलं असतं आणि कुठल्याही शहाण्या माणसाला सुचतंही. शिवाय तळाचं झाकण उघडून आतला एलिमेंट खाली ओढून काढता येईल इतकी मोकळी जागा लागते, आणि स्विच बाहेर हवा. हे सगळं आमच्या बिल्डरला कुणी सांगितलं नसावं. साडेसहा बाय चारचं न्हाणीघर. त्यात शॉवरपासून अडीच फूट बाजूला म्हणजे कमोडवर किंवा दाराच्या फटीत. माहितीपत्रकात ह्याला "लक्झरी बाथ" म्हटलं होतं. हप्ते अजून अकरा वर्षं आहेत. असो.

संध्याकाळी पाणी तापायला लावलं आणि थेंब सुरू झाले. गार पाणी आत येतं त्या तोंडावर एक पितळी बोंडूक असतं, तो सेफ्टी व्हॉल्व्ह. गळतोय तिथूनच. नाना परत आले. बहुधा छतातून थेंबाचा आवाज येत असावा. "लीक," नाना म्हणाले. "लीक," मुलगा फोनवर म्हणाला, "टेप मारा." नानांच्या खिशात बूच होतं. खरंच होतं.

मी बूच लावू दिलं नाही. पाणी तापलं की फुगतं. आमच्याकडे आधी खाली तांब्या ठेवून मोजलं: गार पाण्यापासून दिवा विझेपर्यंत पाऊण तासात साधारण अर्धा लिटर. हे वाढीव पाणी परत गच्चीवरच्या टाकीकडे जाऊ शकत नाही, कारण त्याच व्हॉल्व्हमध्ये उलटं न जाऊ देणारी झडप असते. नळ बंद, मागे झडप. मग दाब चढत जातो, आठ बारच्या आसपास व्हॉल्व्हची स्प्रिंग दबते आणि थेंब सुटतो. व्हॉल्व्ह गार पाण्याच्या तोंडावर, म्हणून थेंब गार. आणि नळ चालू असला की दाब उतरतो, म्हणून तो पडतो ते मी साबण लावायला नळ बंद केल्यावरच. तापताना ठिबकला तर तो आपलं काम करतोय. स्विच बंद, पाणी गार, आणि तरी रात्रभर ठिबकत राहिला, तर मात्र आत क्षार अडकलाय किंवा इमारतीचा दाबच जास्त आहे.

"आमच्या वाड्यात बंब होता," नाना म्हणाले. "चाळीस वर्षं. त्याला कुठे होता व्हॉल्व्ह?"

"नाना, बंबाला वरून पाणी ओतायला तोंड उघडं असायचं."

"झाकण होतं."

"झाकण उचललं जायचं ना! ह्याला बूच मारलं आणि एखाद्या दिवशी थर्मोस्टॅट चिकटला, कटआउटही गेला, तर पाणी शंभराच्या वर तापत राहील आणि उकळणार नाही, कारण दाबाखाली आहे. मग टाकी फाटली की त्या सगळ्याची एकदम वाफ."

नानांनी बूच खिशात ठेवलं. पटलं म्हणून नाही, चहा गार झाला होता म्हणून.

उपाय साधा आहे: व्हॉल्व्हच्या तोंडाला नळी, उताराने खाली नहाणी ट्रॅपपर्यंत, शेवट उघडा, मध्ये कुठे कॉक नाही. हाच तो पाइप, जो पिशवीत नव्हता. मुलगा म्हणाला, सोमवारी आणतो. आज गुरुवार. सोमवारी त्याच्या आत्याकडे काहीतरी होतं. फोन केला की आधी गाणं वाजतं, मग तो "निघालोच सर" म्हणतो. दोन दिवस मी अंघोळीला जाण्याआधी स्विच बंद करून पाहिला. थेंब थांबतो, पण मागून मुलीला अर्धं गार पाणी मिळतं, आणि मग मला जे मिळतं त्यापेक्षा थेंब बरा.

आत्ता लिफ्टमध्ये नाना भेटले. टकलाकडे बघून म्हणाले, "अजून ठिबकतोय? बघा, ऐकलं नाहीत. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी मारलंय बूच. तेव्हापासून एक थेंब नाही."

नानांचं न्हाणीघर बरोबर आमच्या न्हाणीघरावर आहे. त्यांचा गीझर सकाळी सातला लागतो, असं लिफ्टमध्येच हळूच विचारून घेतलं. उद्यापासून मी सव्वासहाला अंघोळ करणार आहे.