ईमेलचा पत्ता आधी फोनवर सांगून बघा

पाटील आडनावाच्या एका मुलाचं मी नुकसान करता करता राहिले, तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे.

चाकणच्या एका कारखान्यात मी एचआर बघते. तीन वर्षांपूर्वी डिप्लोमाच्या मुलांची भरती होती. साठेक फॉर्म आले होते, सगळे हाताने भरलेले. त्यातून निवडलेल्या मुलांना जॉइनिंगचं पत्र मेलने पाठवायचं होतं. या मुलाच्या पत्त्यात आडनाव होतं आणि त्याच्या शेवटी एक हा आकडा. म्हणजे patil1. आता हे पेनाने लिहून बघा. शेवटचा एल आणि त्यापुढचा एक, दोन्ही उभ्या काठ्या. मला वाटलं पोराचं पेन दोनदा फिरलंय. मी एकच एल टाइप केला आणि पत्र पाठवून दिलं.

पत्ता चुकला की मेल परत येतो, असं आपण धरून चालतो. ‘Address not found’ असा निरोप घेऊन तो येतोही, पण तसा पत्ता जगात कुणाचाच नसेल तरच. इथे तो होता. त्याच नावाच्या दुसऱ्या पाटलांचा, ज्यांनी आधी खातं उघडलं होतं आणि ज्यांच्यामुळे आमच्या मुलाला शेवटी एक लावावा लागला होता. पत्र व्यवस्थित पोचलं. चार दिवसांनी उत्तर आलं, ‘मॅडम, मी कोल्हापूरला बँकेत आहे, पगार बरा असेल तर विचार करतो.’ माणूस विनोदी होता म्हणून निभावलं. त्यांनी तो मेल न वाचता उडवला असता, तर आमचा मुलगा वाट बघत बसला असता आणि मी ‘आला नाही’ असा शेरा मारून मोकळी झाले असते.

म्हणून माझं मत असं की अर्जासाठी पत्ता निवडताना तो किती भारदस्त दिसतो हा प्रश्न दुय्यम आहे. तुमचा पत्ता दुसरंच कुणीतरी टाइप करणार आहे. प्रिंटवरून, हस्ताक्षरावरून, नाहीतर वर्कशॉपच्या आवाजात फोनवर ऐकून. त्याच्या हातून चूक झाली तर मेल कुठे जाईल, हे आधी बघा. (attitudeking वगैरे ठेवू नये हे सगळ्यांना माहीत आहे, त्यावर मी शब्द खर्च करत नाही. पण खरं सांगते, तसा पत्ता माझ्या हातून कधी चुकला नाही!)

परवा भाची आली होती. बी.कॉम. झालं, आता अर्ज सुरू करायचेत, म्हणाली, “मावशी, नवीन ईमेल काढून दे.” तिचं खरं नाव इथे देत नाही, स्नेहल मधुकर क्षीरसागर समजा. पूर्ण पत्तेही लिहीत नाही, @ च्या आधीचा भाग तेवढा देते.

पहिला प्रश्न स्पेलिंगचा. क्षीरसागर kshirsagar, ksheersagar, xirsagar असं तीन तऱ्हांनी लिहिलेलं मी स्वतः पाहिलंय. आपल्या नावांचं हे असंच असतं. प्रदीपला एक आय की दोन ई, विद्याला व्ही की डब्ल्यू, ज्ञानेश्वर डी ने सुरू होतो की जी ने, ज्याच्या त्याच्या शाळेतल्या गुरुजींवर अवलंबून. मी तिला दहावीचं सर्टिफिकेट काढायला लावलं. तिथे जे आहे तेच पत्त्यात, तेच बायोडेटावर. स्पेलिंग तुम्हाला आवडत नसलं तरी. कारण मेल सापडला नाही की आम्ही मेलबॉक्समध्ये नाव टाकून शोधतो, आणि ते नाव अर्जावर बघून टाकतो. पत्त्यात एक आणि अर्जात दुसरं असेल तर शोधणाऱ्याला तुम्ही सापडत नाही. आमच्या ताईने मध्येच विचारलं, लग्नानंतर आडनाव बदललं तर? मी म्हटलं, मार्कशीट कुठे बदलणार आहे, राहू दे.

मग खातं उघडायला बसलो. snehalkshirsagar टाकलं, आधीच गेलेलं. भाची म्हणाली, “मग मध्ये डॉट दे ना.” snehal.kshirsagar, तेही गेलेलं. ती वैतागली, “दोन्ही कसे गेले?”

दोन नव्हेतच ते. जीमेलला @ च्या आधीचे डॉट दिसतच नाहीत. डॉट घाला, काढा, भलत्या जागी घाला, पत्ता तोच आणि मालक एकच. त्यामुळे डॉट घालून नवं नाव मिळत नाही, पण तो दोन शब्द सुटे दाखवतो आणि टाइप करणारा तो विसरला तरी मेल तुम्हालाच येतो. चुकला तरी महाग न पडणारा असा हा एकच भाग आहे, म्हणून खातं उघडतानाच डॉट घालून उघडा. पाठवलेल्या मेलवर पत्ता मग तसाच दिसतो.

ही सवलत @gmail.com ला आहे. आउटलुकवर किंवा कॉलेजने दिलेल्या पत्त्यावर डॉट हे खरंखुरं अक्षर असतं, तो गाळला की पत्ता बदलला. आणि जीमेलवाल्यांनाही एक खड्डा आहेच. जीमेल डॉट सोडून देतं, पण नोकरीच्या वेबसाइटी सोडत नाहीत. मार्चमध्ये तुम्ही डॉटसकट नोंदणी केली आणि जूनमध्ये डॉट न घालता लॉगिन करायला गेलात, तर साइट सांगते की असं खातंच नाही. पोरं मग नव्याने नोंदणी करतात. आमच्याकडे एकाच मुलाचे दोन अर्ज येतात, एक जुन्या बायोडेटाचा, एक नव्या. आम्ही कुठला धरायचा? तेव्हा डॉटचं एकच रूप ठरवा आणि सगळीकडे तेच टाका. खातं सापडत नाही असं आलं, तर नवं काढण्याआधी एकदा डॉट काढून किंवा घालून बघा.

नाव मिळेना म्हटल्यावर गूगल आपणहून सुचवतं, मागे एखादा आकडा जोडून. भाची ते घ्यायला निघाली होती, मी हात धरला. पाटलांचं प्रकरण तिला तिथेच सांगितलं. आकडा गळला की मागे उरतो तो दुसऱ्याचा चालू पत्ता, आणि तुमचं नाव जितकं सर्रास तितकी याची खात्री जास्त. शिवाय आकडा बरोबर आहे की नाही हे ताडून बघायला टाइप करणाऱ्याकडे काहीच नसतं. अर्जावर कुठेही 47 लिहिलेलं नसतं.

त्यापेक्षा वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षर मध्ये घालावं, आपल्याकडे ती सोय जन्मजात आहे. snehal.m.kshirsagar. तेही गळू शकतं, नाही असं नाही. पण अर्जाच्या माथ्यावर ‘स्नेहल मधुकर’ लिहिलेलं असतं, त्यामुळे एम राहिला तर डोळ्याला खटकतं. तेही मिळालं नसतं तर आडनाव आधी घेतलं असतं, kshirsagar.snehal. मार्कशीटवर आडनावच आधी असतं, आपल्या लोकांना ते वाचायची सवय आहे. पूर्ण वडिलांचं नावही बसलं असतं, जीमेल तीस अक्षरांपर्यंत घेतं. पण चोवीस अक्षरं दुसऱ्याला टाइप करायला लावणं मला जिवावर येतं.

आकडा घ्यायचीच वेळ आली तर जन्मसाल नको. बायोडेटा उघडायच्या आधीच वय कळतं, आणि त्याच नावाच्या, त्याच साली जन्मलेल्या कुणीतरी ते बहुधा आधीच उचललेलं असतं. पास झाल्याचं सालही नको, पाच वर्षांनी ते शिळं दिसतं. mh12 आणि mh09 वाल्यांना हात जोडून विनंती, गाडीची पाटी गाडीलाच राहू द्या. एक आणि शून्य तर टाळाच, एक एलसारखा दिसतो आणि शून्य ओ सारखा. दोन आकडी संख्या घ्या आणि फोनवर सुटी सुटी सांगा, ‘फोर सेव्हन’ म्हणून. सत्तेचाळीस म्हटलं की समोरचा अर्ध्या वेळा 74 लिहितो. एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यांच्याबद्दल तर बोलूच नका.

अंडरस्कोर जीमेल देतच नाही. पण ज्यांचे जुने याहू-हॉटमेलचे पत्ते आहेत त्यांच्यात असतो. वर्डमध्ये ईमेल टाइप केला की त्याची निळी लिंक होते, खाली रेघ येते आणि अंडरस्कोर त्या रेघेत बुडून जातो. प्रिंटवर मोकळी जागा दिसते. तसा पत्ता ठेवायचाच असेल तर लिंकवर राइट क्लिक करून ‘Remove Hyperlink’ करा.

शेवटी भाचीची परीक्षा घेतली. ती आतल्या खोलीत गेली, तिथून मला फोन लावला आणि मिक्सर चालू असताना पत्ता सांगितला. मी ऐकून कागदावर लिहिला. पहिल्या वेळी एमचा एन झाला. फोनवर हे दोघे जुळे भाऊ आहेत. मग ‘एम फॉर मुंबई, के फॉर कोल्हापूर, एस फॉर सातारा’ करत सांगितला, तेव्हा बरोबर उतरला. तुमच्या पत्त्यात बी, डी, पी, टी असतील तर त्यांचीही गावं आधीच ठरवून ठेवा, ऐनवेळी ‘टी फॉर…’ म्हणून अडायला होतं.

जुना पत्ता तिने बंद केलेला नाही, करूही नका. बँक, डिजिलॉकर, कॉलेजचं पोर्टल, सगळं त्यावर असतं. जुन्या खात्याच्या सेटिंगमध्ये ‘Forwarding and POP/IMAP’ मध्ये नवा पत्ता घातला, त्यावर आलेला कोड टाकला, मग तिथेच ‘Forward a copy of incoming mail to’ निवडून ‘Save Changes’ केलं, आता तिकडचे मेल इकडे येतात.

आणि नमुन्यादाखल तिने मला पहिला मेल पाठवला. पत्ता अगदी नीट. पाठवणाऱ्याचं नाव मात्र ‘Snehuuu’. खातं उघडताना नावाच्या रकान्यात गंमत म्हणून टाकलं होतं बाईसाहेबांनी. इनबॉक्सच्या यादीत पत्ता दिसत नाही, हेच नाव दिसतं. कॉम्प्युटरवर सेटिंगमध्ये ‘Accounts and Import’, तिथे ‘Send mail as’ समोर ‘edit info’, एवढं करून ते बदललं. मग पुन्हा मेल मागवला. या वेळी नाव बरोबर होतं, बायोडेटा जोडायचा राहिला होता.