250 कट्टे पाठवले, पावती 212 ची: गोदाम मालकाचं उत्तर

रिव्ह्यू (1 स्टार): "250 कट्टे सोयाबीन पाठवलं, पावती 212 कट्ट्यांची! 38 कट्टे कुठं गेले? ड्रायव्हरला गेटवर तासन्तास उभं केलं फक्त सील नंबरसाठी. ओलाव्याचं मीटर पण खोटं आहे, 16 टक्के दाखवतं. सरकार 15 टक्क्यांपर्यंत घेतं आणि यांचं वेगळंच."

नमस्कार दादा, आधी हिशोबाचं बोलू, कारण तीच गोष्ट मनाला लागलीये. 38 कट्टे कुठंच गेले नाहीत, ते तुमच्याच गाडीत परत गेले, आणि आमच्या गेटच्या फॉर्मवर "नाकारलेले 38" असं लिहून खाली ड्रायव्हरची सही आहे. त्या फॉर्मवर चार आकडे असतात: चलनावर किती, गेटवर मोजून आले किती, घेतले किती, नाकारले किती. तुमचे झाले 250, 250, 212 आणि 38. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा कमी आला असता तर तूट, आणि तूट आली की गाडीवाल्याला जाब विचारायचा. इथं तूट शून्य आहे. नाकारलेला माल वेगळा, त्याचा प्रश्न तुमच्या भरणीशी आहे, गाडीवाल्याचं भाडं त्यापायी कापू नका प्लीज.

आता सीलचं. चलनावर सीलचा नंबर 18 ने संपत होता आणि ताडपत्रीच्या दोरीवरच्या सीलवर 81. बहुतेक लिहिताना उलटं झालं असणार, पण "बहुतेक"वर आम्ही सील कापत नाही. एकदा कापलं की मग ते आधी कसं होतं हे कुणीच सिद्ध करू शकत नाही, मी पण नाही आणि तुम्ही पण नाही. म्हणून तुमच्या माणसाला फोन लावून लोडिंगच्या वेळचा फोटो मागितला, त्यांनी तो बऱ्याच वेळानं पाठवला, त्यात 81 दिसला, मग फॉर्मवर दोन्ही नंबर लिहून ड्रायव्हरची सही घेतली आणि त्याच्यासमोर सील कापलं. वेळ गेला तो ह्यात. तोवर आमच्या पोरानं सील ओढून पाहिलं होतं आणि ताडपत्रीची दोरी चारी बाजूनं फिरून पाहिली होती, कारण सील जागेवर आणि दोरी मागच्या बाजूला कापून परत गाठ मारलेली, असंही होतं. तुमच्या गाडीला तसलं काही नव्हतं. पण मागच्या फळीच्या वर ताडपत्री फाटलेली होती, आणि "ताडपत्री: मागे फाटकी" हे शब्द सील कापायच्या आधीच फॉर्मवर आलेत, फोटोसकट.

खरा विषय हा फाटलेला भाग आहे.

250 कट्ट्यांच्या गाडीतून आम्ही 16 कट्टे तपासतो. शंभराच्या वर कट्टे असले की एकूण आकड्याचं वर्गमूळ काढायचं आणि वर जाऊन पूर्ण आकडा धरायचा, ही धान्याचे नमुने घ्यायची प्रचलित पद्धत आहे. 250 चं वर्गमूळ 15.8, म्हणून 16. कट्टे एका जागचे नाहीत, पुढचे, मधले, मागचे, वरचे, खालचे. प्रत्येकात परखी खुपसून दाणे काढले आणि प्रत्येक कट्ट्याचा ओलावा वेगळा लिहिला. 13 कट्टे आले साधारण 10.6 टक्क्यांवर, एकदम छान माल, खरंच. उरलेले 3 आले 16.2 च्या आसपास, आणि तिघंही मागच्या फळीजवळचे, वरच्या थरातले, फाटलेल्या ताडपत्रीच्या बरोबर खाली.

आता गंमत बघा. सोळाच्या सोळा एकत्र मिसळून मीटरला टाकले असते तर सरासरी आली असती 11.6 च्या वर, म्हणजे आमच्या 12 टक्क्यांच्या मर्यादेच्या आत, म्हणजे गाडी पास! बरेच ठिकाणी असंच करतात आणि मग दोन महिन्यांनी थप्पीच्या मधोमध माल गरम लागतो, बुरशी येते, वास सुटतो, आणि ओला कट्टा एकटा खराब होत नाही, शेजारचे चांगले पण घेऊन जातो. म्हणून सरासरी आम्ही फक्त आधी कट्टे वेगवेगळे तपासल्यावर काढतो. तीन ओले सापडल्यावर मागच्या भागातला एकेक कट्टा परखीनं पाहिला, त्यात 12 च्या वरचे निघाले ते हे 38. ओल्या कट्ट्यांच्या बाहेरून हात लावला तरी कळत होतं, तुमच्या ड्रायव्हरनं स्वतः लावून पाहिला.

मीटर खोटं म्हणता, तर त्याच मीटरनं तुमचाच 13 कट्ट्यांचा माल 10.6 दाखवला, तो तुम्ही मान्य केलाय ना? मीटरमध्ये पिकाची निवड करावी लागते, तूर लावून सोयाबीन टाकलं तर आकडा भलताच येतो, म्हणून सुरू करताना स्क्रीनवर सोयाबीन आहे हे ड्रायव्हरला दाखवायचं असा आमचा नियम आहे.

15 टक्क्यांचं म्हणाल तर ती सवलत हमीभावाच्या खरेदीसाठी होती, 2024-25 च्या खरीप हंगामापुरती, एकदाच, एरवी तिथंही 12 च आहे. आणि खरेदी वेगळी, साठवण वेगळी. आम्ही देतो ती ई-पावती तारण ठेवून तुम्हीच बँकेतून कर्ज घेता, त्यावर जे वजन आणि जी प्रत लिहिली ती परत द्यायची जबाबदारी गोदामाची असते, 2007 च्या गोदाम कायद्यानुसार. 16 टक्क्यांचा माल मी 12 चा लिहू कसा?

वजनाचं पण विचारलं होतं फोनवर, म्हणून इथंच लिहितो. भरलेली गाडी काट्यावर 24,310 किलो, नंतर 38 कट्टे पोटात ठेवूनच दुसरं वजन 11,550, फरक 12,760. त्यातून 212 प्लास्टिक कट्ट्यांचं वजन साधारण 25 किलो वजा, राहिलं 12,735 किलो, पावतीवर तेच आहे. दोन्ही वेळेला ड्रायव्हर खाली आणि ताडपत्री-दोऱ्या गाडीवर होत्या. ताडपत्री पहिल्या वजनाला गाडीवर आणि दुसऱ्याला खाली राहिली तर तेवढे किलो तुमच्या नावावर फुकट चढतात, आणि शेवटी कमी पडतात ते आमच्या थप्पीत (हे करून बघणारे पण येतात, असो).

38 कट्टे खळ्यावर दोन दिवस पसरून वाळवा, परत आणा, नवीन फॉर्म आणि नवीन सील नंबरनं घेतो, जुन्या फॉर्मवर मात्र चढवणार नाही. तुमच्या गाडीचा नमुना आम्ही तीन भागात सीलबंद केलाय, एक ड्रायव्हरसोबत दिला, एक तपासणीला गेला, एक आमच्याकडे आहे, आणि ओल्या तीन कट्ट्यांच्या पुड्या वेगळ्या, प्रत्येकीवर कट्टा कुठला ते लिहून. पुड्यांवर तुमच्या ड्रायव्हरची सही आहे. शंका असेल तर स्वतःचं मीटर घेऊन या, ऑफिसात सकाळी दहानंतर कुणीही उघडून देईल, फक्त तुमच्यासमोरच उघडायचं असं सांगून ठेवलंय.