दुखरा पाय आधी

"मॅडम, हा अंगठा तुमचा नाहीये."

खिडकीतल्या मुलाने हे इतक्या शांतपणे सांगितलं, की मी एकदा अंगठ्याकडे बघून खात्री करून घेतली. नखाजवळचा सुरीचा व्रण माझाच होता. पण मशीनला व्रण दिसत नाहीत, रेषा दिसतात, आणि मशीनच्या मते माझ्या रेषा कुठेतरी गेल्या होत्या. मागचा गृहस्थ म्हणाला, "कपाळावर घासा, तेल लागतं." घासला. त्याच्या मागची बाई म्हणाली, "केसातून फिरवा." फिरवला. पाच वेळा लाल दिवा. मग मुलगा म्हणाला, "भांडी जास्त घासता का घरी?" रांग हसली. मीही हसले, कारण रांगेत हसावं लागतं. आता सोमवारी परत जायचंय.

डोंबिवलीत घरी आले तेव्हा नाडी मोजली. पंधरा सेकंदांत सव्वीस ठोके, म्हणजे मिनिटाला एकशे चार. जिने चढून आले होते हे खरं, लिफ्ट गेले नऊ दिवस बंद आहे. पण त्या एकशे चारांतले निदान वीस त्या "घासता का"चे होते.

राग आला की मी गाणी लावते. मुलं परगावी आणि नवरा ऐकून घेण्याच्या बाबतीत मशीनसारखाच, त्यामुळे दुसरा उपाय नाही. आतापर्यंत मी दोन चुका करत आले आणि दोन्ही मला पोक्तपणा वाटत होत्या. पहिली चूक, चिडून आल्या आल्या शांत गाणं लावायचं. आशाताईंचं 'सांज ये गोकुळी' मला जीव की प्राण, पण लाल दिवा डोळ्यांसमोर असताना ते ऐकलं तर वाटतं, आपण भांडतोय आणि कुणीतरी "जाऊ दे गं" म्हणतंय. "जाऊ दे गं"ने आजवर कुणाचाही राग गेलेला नाही. दुसरी चूक याच्या उलट. 'उषःकाल होता होता' लावायचं आणि तेच परत परत. सुरेश भटांचे शब्द, १९७९ सालचा 'सिंहासन', व्यवस्थेवर असा जाळ काढणारं गाणं मराठीत दुसरं क्वचितच असेल. पण ते ऐकत मी बसते आणि मनातल्या मनात तक्रार अर्ज लिहायला घेते. तिसऱ्यांदा मशाली पेटेपर्यंत अर्जात त्या मुलाच्या आईवडिलांचाही उल्लेख आलेला असतो.

ब्रॅड बुशमन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने २००२ साली हेच प्रसिद्ध केलं, फक्त गाण्यांऐवजी ठोसे मारायची बॅग घेऊन. त्याने विद्यार्थ्यांना मुद्दाम चिडवलं, मग काहींना सांगितलं, ज्याने चिडवलं त्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणा आणि बॅगेवर ठोसे हाणा. काहींना नुसतं बसवून ठेवलं. चेहरा डोळ्यांसमोर आणून ठोसे मारणारे सगळ्यांत जास्त चिडलेले निघाले. नुसते बसलेले बरे होते. म्हणजे राग ओकून टाकला की मोकळं वाटतं, हे आपण उलटीवरून ठरवलेलं आहे. रागाचं पोट वेगळं असतं, ओकलं की ते भरतं.

म्हणून आज मी 'झिंगाट' लावलं. अजय-अतुलनी २०१६ साली महाराष्ट्रावर टाकलेला हा बॉम्ब वाजतो माझ्या रागाच्याच वेगाने, पण त्यातला माणूस कुणावर चिडलेला नाही. तो प्रेमात खुळा झालाय, त्याला अंगठ्याशी देणंघेणं नाही. हा माझा स्वतःचा शोध आहे आणि मला त्याचा अभिमान आहे: आवाज आपल्या रागाएवढा पाहिजे, शब्द मात्र आपल्या तक्रारीचे नकोत. 'झिंगाट' चालू असताना खिडकीतल्या मुलाचा चेहरा आठवून बघा. आठवतो, पण तोही नाचताना.

गाणं संपलं. बरं वाटलं. म्हणून हावरटपणे लगेच 'सांज ये गोकुळी' लावलं. दोन ओळी झाल्या असतील, बेल वाजली.

दारात खालचे काका. वय पंच्याहत्तर, हातात काठी, अंगात बनियन, धाप लागलेली. मार्चमध्ये गुडघा बदललाय. मी आवाज कमी करायला वळले.

"आवाजाचं नाही म्हणत, वहिनी," काका म्हणाले. "उडीचं म्हणतोय."

"कसली उडी?"

"झिंगाटवरून एकदम सांजेवर. मी चहा पीत होतो, सांडला." त्यांनी बनियन पुढे करून डाग दाखवला. पुरावा ताजा होता. "मागच्या मंगळवारी पण हेच. आणि गणपतीच्या आधल्या बुधवारी."

तेव्हा कळलं की काकांकडे माझी नोंदवही आहे. म्हणजे खरीखुरी वही नाही, डोक्यात. पण तपशील बँकेच्या पासबुकासारखा. गेल्या महिन्यात 'झिंगाट' चौदा वेळा. 'उषःकाल' नऊ वेळा, त्यातलं सहा वेळा एकाच दुपारी. "त्या दिवशी पाहुणे आले होते ना तुमच्याकडे?" काकांनी विचारलं. होते. नणंद होती. गेली पाच वर्षं माझ्या घरात काय चाललंय हे या माणसाला छतातून कळतंय, आणि त्यावर त्यांचा आक्षेप फक्त क्रमाबद्दल आहे!

"बसा," मी म्हटलं. कारण जिन्यात उभं राहून कुणी अपमान करू नये.

काका बसले. काठी गुडघ्याशी टेकवली आणि तबला असल्यासारखी टीपॉयवर बोटं चालवायला लागले. पूर्वी भजनी मंडळात वाजवायचे, ते दर पाच मिनिटांनी सांगतात. "आपलं सगळं गाणं चढतं. खयालात आधी विलंबित, मग द्रुत. भजनात ठेका शेवटी शेवटी चढवतो आम्ही, टाळ हातात मावत नाहीत. चढायला आपल्याला शिकवलंय. तुम्ही उतरताय. उतरायचं शिक्षण वेगळं. ते मला फिजिओथेरपीवाल्या मुलीने दिलं."

"गाण्याचं?"

"जिन्याचं. वर जाताना चांगला पाय आधी. खाली येताना दुखरा पाय आधी. आणि एकेक पायरी. दुखऱ्याला मागे ठेवून चांगला पाय आधी टाकलात, की तोंडावर." त्यांनी तोंडावर कसं ते हाताने दाखवलं, काठी पडली.

मी काठी उचलून दिली आणि मला मनातून संताप आला, कारण ते बरोबर होतं. इरा अल्टशूलर नावाचे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ होते, रुग्णांवर संगीताचे उपचार करायचे, त्यांनी १९४०च्या दशकात नेमकं हेच मांडलं: आधी माणसाच्या मनःस्थितीशी जुळणारं संगीत द्या, मग हळूहळू ते पाहिजे त्या दिशेला वळवा. संगीतोपचारवाले त्याला आयसो तत्त्व म्हणतात. मी हे वाचलं होतं. काकांनी गुडघ्यात बसवून घेतलं होतं.

मग आम्ही दोघांनी यादी लावली. काकांनी मोजायचं शिकवलं. गाणं लावा, पाय ठोका, पंधरा सेकंदांत किती वेळा पडतो ते मोजा, गुणिले चार. पुढचं गाणं आधीच्यापेक्षा दहा-पंधराने कमी असावं, वीसच्या वर गेलात तर चहा सांडतो. 'झिंगाट' पहिलं, त्यावर वाद नव्हता. दुसरं 'मल्हारवारी', तेही अजय-अतुलचंच, २००४ सालचं 'अगं बाई अरेच्चा'मधलं. जोर आहे, पण मागायला देव आहे, आणि देवासमोर माणूस जरा नीट बसतो. तिसऱ्यावर अडलो. मला 'ऐरणीच्या देवा' पाहिजे होतं, काका म्हणाले ते शांत आहे. मी म्हटलं, आग आहे हो त्यात, ठिणगी आहे, पण भट्टीतली आहे. कामाला लावलेली. काका गप्प झाले. मग म्हणाले, "लताबाईंनी स्वतः चाल दिलीय ती. आनंदघन नावाने. 'साधी माणसं', पासष्ट साल." म्हणजे मान्य.

चौथं 'कानडा राजा पंढरीचा', आणि हे नुसतं ऐकायचं नाही, सोबत म्हणायचं. मोठ्याने म्हटलं की श्वास ओळीच्या शेवटपर्यंत पुरवावा लागतो, सोडायला वेळ लागतो, आणि लांब उच्छ्वासाबरोबर नाडी उतरते. पाचवं 'सांज ये गोकुळी'. आता ते आपल्या जागेवर आलं. आणि सहावं काहीच नाही. दोन मिनिटं. इटलीत लुचानो बर्नार्डी नावाच्या डॉक्टरांनी २००६ साली लोकांना वेगवेगळं संगीत ऐकवून रक्तदाब आणि नाडी मोजली, मध्ये दोन मिनिटांची शांतता ठेवली होती, आणि सगळ्यांत जास्त उतार त्या शांततेत मिळाला. मी हे काकांना सांगितलं. ते म्हणाले, "समेवर आल्यावर वाजवायचं नसतं, हे इटलीत कळायला २००६ उजाडलं होय."

पहिला प्रयोग लगेच केला. फोनने माझा अंगठा घेतला नाही. फोनचंही तेच म्हणणं. पिन टाकली. पहिली चार गाणी जिन्यासारखी उतरली, काका गात होते, मी गात होते, आणि 'कानडा राजा'चा शेवटचा सूर विरतो न विरतो तोच एक बाई किंचाळली: "टू बीएचके फक्त सत्तेचाळीस लाखांत!" फुकटचं ॲप. दोन गाण्यांच्या मध्ये जाहिरात, गाण्याच्या दुप्पट आवाजात, आणि तीही कल्याणपलीकडच्या घरांची. नाडी पुन्हा अठ्ठ्याण्णव. इतकी काळजीपूर्वक पायरी पायरी उतरावी आणि खालच्या पायरीवर कुणी केळ्याचं साल टाकावं. त्यानंतर गाणी उतरवून घेतली, इंटरनेट बंद केलं, शफल बंद केलं. या शफलचा शोध नक्की कधीच न चिडलेल्या माणसाने लावला असणार. दुसऱ्या फेरीच्या शेवटी अठ्ठ्याहत्तर.

शांत झाले. खोटं कशाला बोलू. पण अंगठा तसाच आहे. अठ्ठावीस वर्षं भांडी घासून, कणीक मळून, लसूण सोलून रेषा गेल्या, आणि त्यावर रांग हसली, आणि मला त्यासाठी पाच गाणी, एक काका आणि दोन मिनिटांची शांतता खर्चावी लागली. त्या मुलाला काहीच ऐकावं लागलं नसेल. सोमवारी मी परत त्याच खिडकीत उभी असेन. यादी भरलेली आहे, रांगेत कानात घालायचा विचार होता, पण नंबर पुकारलेला ऐकू येणार नाही.

हे लिहीत असताना खालून 'झिंगाट' सुरू झालं. काकांच्या घरून, तेही पूर्ण आवाजात. नोव्हेंबर आहे. सकाळी ते पेन्शनसाठी हयातीचा दाखला काढायला गेले होते, तिथेही अंगठ्याचं मशीन असतं. गाणं संपलं. मी वाट बघितली. 'मल्हारवारी' यायला पाहिजे होतं.

'सांज ये गोकुळी' लागलं.

मी लाटणं घेतलं आणि फरशीवर तीनदा ठोकलं.