नववी शिट्टी

पाचव्या शिट्टीपर्यंत माणूस स्वयंपाक करत असतो, सातवीपासून तो प्रार्थना करायला लागतो. नवव्या शिट्टीला झाकण उघडावं, एक छोला उचलून दोन बोटांत दाबावा आणि त्याने बोटांकडेच रोखून बघावं, हा अपमान मला आजवर कुठल्याही माणसाने केलेला नाही. काल रात्रीपासून पाण्यात होता. आकाराने दुप्पट झालाय, रंगाने उजळलाय. पण शिजलेला नाही.

अशा दाण्याला मराठीत नाव आहे : गणंग. हाच शब्द आपण काही माणसांनाही लावतो आणि का लावतो ते कुकर उघडल्यावर कळतं. मात्र गणंग म्हणून सगळ्यांना एकाच दावणीला बांधणं बरोबर नाही. गणंग दोन जातींचे असतात, दोघांची खोड वेगळी आणि औषधही वेगळं. आपण दोघांवर एकच उपाय करतो, तो म्हणजे अजून तीन शिट्ट्या.

पहिली जात पाणीच पीत नाही. दाणा गरजेपेक्षा जास्त वाळला, किंवा फार कोरड्या हवेत पडून राहिला, की त्याची साल पाण्याला दाद देईनाशी होते. राजम्यात ही मंडळी ओळखायला सोपी. राजमा भिजायला टाकून तासा-दोन तासांनी बघा : चांगल्या दाण्यांची साल सुरकुतलेली दिसेल, फार वेळ पोहलेल्या माणसाच्या बोटांसारखी. याला घाबरायचं नाही. साल आधी फुगते, आतला गर मागून येतो, आणि सकाळपर्यंत दाणा भरून सुरकुत्या जातात. गणंग मात्र तसाच गुळगुळीत, चकचकीत, छोटा. रात्रभर पाण्यात राहूनही पाण्याशी ओळख नाही. भिजलेला राजमा स्टीलच्या भांड्यात ओतलात तर याचा आवाजसुद्धा वेगळा येतो, टण्णकन.

हे दाणे निवडून बाजूला काढावेत. थोडे असतील तर टाकून द्यावेत, त्यांच्यासाठी गॅस जाळण्यात अर्थ नाही. जास्त असतील तर त्यांना पाण्यात दोन मिनिटं खळखळून उकळी द्यावी, गॅस बंद करून तासभर झाकून ठेवावं. थंड पाण्याला दारात उभं न करणारी साल गरम पाण्यापुढे बहुतेक वेळा नमते. तासाभराने जे फुगले ते आपले.

दुसरी जात जास्त बेरकी. ही पाणी पिते, फुगते, सगळं सांगितलेलं ऐकते आणि ऐन कुकरमध्ये दगा देते. नववी शिट्टी हिच्यामुळेच होते. हिचं गौडबंगाल समजून घेण्यासारखं आहे.

दाणा शिजतो म्हणजे काय होतं? दाण्याचा गर म्हणजे सूक्ष्म पेशींची भिंत समजा. पेशी या विटा, आणि विटांना धरून ठेवणारा गिलावा म्हणजे पेक्टिन. शिजताना हा गिलावा पाण्यात विरघळतो, विटा सुट्या होतात आणि दाणा बोटात लोण्यासारखा दबतो. आता या गिलाव्यात कॅल्शियम मिसळलं तर तो घट्ट होतो आणि विरघळायला नकार देतो. हे कॅल्शियम येतं कुठून? बऱ्याच अंशी दाण्याच्या स्वतःच्या तिजोरीतून. दाण्यात फायटेट नावाचा पदार्थ असतो, त्याने कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवलेलं असतं. डबा महिनोन् महिने उबदार आणि दमट जागी राहिला, की दाण्यातलेच एन्झाइम हळूहळू फायटेट फोडतात आणि मोकळं झालेलं कॅल्शियम जाऊन गिलाव्याला चिकटतं. थोडक्यात, डब्यात बसल्या बसल्या दाण्याने स्वतःलाच चुना लावून घेतलेला असतो. याखेरीज दाण्यातली इतर काही द्रव्यंही काळानुसार पेशींच्या भिंती टणक करतात, पण चुन्याचा वाटा मोठा.

म्हणूनच 'रात्रभर भिजवले होते हो!' हा बचाव इथे चालत नाही. भिजणं आणि शिजणं ही दोन वेगळी खाती आहेत.

कुठल्या जातीशी गाठ आहे हे ठरवायला वजनकाटा पुरतो. समजा 200 ग्रॅम छोले आहेत. ते 800 मिली पाण्यात दहा तास भिजवले, निथळले आणि पुन्हा तोलले. चांगला माल स्वतःच्या वजनाइतकं पाणी पितो, म्हणजे काटा 400 ग्रॅमच्या आसपास थांबायला हवा. 300 वरच अडला तर बरेच दाणे पाणी प्यायलेले नाहीत. अशा वेळी एक छोला सुरीने मधोमध कापून बघावा : आत रंग सगळीकडे सारखा हवा, मध्यभागी खडूसारखा पांढुरका कोरडा ठिपका दिसला तर भिजायचा आहे. आता धरून चालू की आपला काटा 395 दाखवतोय आणि कापलेला छोला आतून एकसारखा आहे. भिजण्याचा विषय मिटला. कुकर लावला, पहिली शिट्टी झाल्यावर आच मंद केली, 20 मिनिटं ठेवला आणि वाफ आपोआप उतरू दिली. बऱ्या छोल्यांना इतकं भरपूर झालं. उघडून पाच छोले दाबून पाहिले (एक नव्हे, पाच, एका साक्षीदारावर निकाल देऊ नये). दोन दबले, तीन दबता दबता तुटले आणि बोटांत रवाळ, वाळूसारखे लागले. निदान झालं : दुसरी जात.

औषध म्हणजे खायचा सोडा. सोड्याने पाणी अल्कधर्मी होतं आणि अल्कधर्मी पाण्यात गिलावा पटपट सुटतो. शिवाय सोड्यातलं सोडियम कॅल्शियमला ढकलून त्याची जागा घेतं. या 200 ग्रॅमच्या मालाला पाव लहान चमचा सोडा, तोही सपाट, आणि मंद आचेवर आणखी 15 मिनिटं. इथे हात सैल सोडायचा नाही. सोडा जास्त झाला की साली सुटून वर तरंगतात, गराचा चिखल होतो आणि रश्श्याला साबणाची चव येते. त्यातून ब-1 जीवनसत्त्वही मरतं. छोला शिजला पण खाववेना, अशी आणखी एक शोकांतिका नको.

माल संशयास्पद आहे हे आधीच माहीत असेल तर भिजवतानाच डाव टाकावा. लिटरभर पाण्याला एक सपाट मोठा चमचा, म्हणजे साधारण 15 ग्रॅम, मीठ. 'मिठाने कडधान्य कडक होतं' हे आपण सगळ्यांनी ऐकलंय आणि पुढच्या पिढीला तितक्याच गांभीर्याने सांगितलंय. भिजवण्याच्या पाण्यात उलटं होतं : मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं, साल मऊ होते आणि शिजताना कमी फाटते. हे पाणी नंतर ओतून द्यायचं, म्हणजे रस्सा खारट होत नाही.

खरा गुन्हेगार आंबट असतो. टोमॅटो, चिंच, लिंबू, दही यांतलं काहीही दाणा शिजण्याआधी भांड्यात पडलं, की गिलावा विरघळायचा जवळजवळ थांबतो. 'सगळं एकदम घालून कुकर लावला, भांडी वाचली' असं म्हणणाऱ्यांची भांडी खरंच वाचतात, छोले वाचत नाहीत. आंबट पदार्थ दाणा बोटांत दबल्यावरच घालावेत. पाणी जड असेल तर ते बाहेरूनही कॅल्शियम पुरवतं. किटलीच्या तळाला पांढरा थर धरत असेल तर तुमचं पाणी त्यातलंच. तेच पाणी आधी उकळावं, थंड होऊ द्यावं आणि तळाचा गाळ न ढवळता वरचं घ्यावं, म्हणजे त्यातला बराच चुना खाली राहतो.

आता शिट्टीविषयी. शिट्टी हे वेळेचं माप नाही, ते जादा वाफेचं माप आहे. आच मोठी असेल तर दहा मिनिटांत आठ शिट्ट्या होतील, मंद असेल तर तेवढ्याच वेळात एखादीच. आत तापमान दोन्ही वेळा जवळपास तेच, 120 अंश सेल्सियसच्या आसपास. त्यामुळे 'आमच्याकडे चार शिट्ट्यांत होतात' या वाक्याला 'आमच्याकडे चार जांभयांत झोप लागते' इतकाच अर्थ आहे. पहिली शिट्टी, मग मंद आच, मग घड्याळ. आणि दाणे व पाणी मिळून कुकर निम्म्याच्या वर भरू नये. कडधान्याचा फेस वर चढून वाफेचं तोंड बंद करतो, आणि त्यानंतर होणारा आवाज शिट्टीचा नसतो.

छोला थोडा कडक राहिला तर जबड्याला व्यायाम, एवढंच. राजम्याशी मात्र हा विनोद करू नये. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं विष असतं, आणि चार-पाच कच्चे दाणेही एक ते तीन तासांत उलट्या सुरू करायला पुरतात. राजमा किमान पाच तास भिजवावा, ते पाणी फेकावं आणि ताज्या पाण्यात किमान 10 मिनिटं खळखळून उकळावा. कणखर मालाला अर्धा तास द्यावा. कुकरच्या तापमानात हे काम होऊन जातं. धोका आहे तो मंद आचेच्या विजेच्या भांड्यांत, जिथे पाणी 80 अंशांच्या आसपासच रेंगाळतं : तेवढ्या उष्णतेने लेक्टिन मरत नाही, उलट दाणा कच्च्यापेक्षाही जास्त त्रासदायक ठरू शकतो. म्हणून राजमा झालाय का हे दाताने नव्हे, बोटाने बघावं.

एक खोड मात्र ना सोड्याने सुधारते ना मिठाने. डब्यात मूठभर जुने छोले उरलेले असतात आणि आपण त्यावर नवे ओततो. पंधरा मिनिटांत नव्यांना सुटायची घाई होते, जुने अजून अंग चोरून बसलेले असतात. जुन्यांसाठी वेळ वाढवावा तर नव्यांचा लगदा, नव्यांसाठी थांबावं तर जुन्यांच्या गारगोट्या. एकाच कुकरमध्ये दोन पिढ्या कोंबलेल्या असतात, आणि जेवायला बसलेल्याच्या प्रत्येक घासात त्यांचं भांडण चालू असतं.